बेरीज की गुणाकार?

१९५१ सालच्या ऑक्टोबरअखेर ब्रिटनमधल्या डॉक्टरांना टपालाने एक आटोपशीर प्रश्नावली आली. तुम्ही धूम्रपान करता का, पूर्वी करत होतात का, किती करता, एवढंच त्यात विचारलं होतं. पाठवणारे होते रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल. डॉक्टरांनाच विचारण्यामागे एक व्यावहारिक कारण होतं. डॉक्टरांची नावं सरकारी नोंदवहीत असतात, त्यामुळे पुढे कोण कधी आणि कशाने गेलं हे शोधून काढणं सोपं जातं. सुमारे चाळीस हजार डॉक्टरांनी उत्तरं दिली आणि मग संशोधकांनी वाट पाहिली.

या अभ्यासाची ख्याती फुप्फुसाच्या कर्करोगामुळे झाली. पण पहिल्या दहा वर्षांत हृदयविकाराने दगावलेल्या पुरुष डॉक्टरांचा एक छोटा तक्ताही त्यातून निघाला. संख्याशास्त्राचे विद्यार्थी आजही तो सोडवतात, कारण मोजदादीचं गणित कुठे सोपं असतं आणि कुठे फसवतं, हे दहा चौकटींच्या या तक्त्यात जवळजवळ सगळं दिसतं.

| वय | धूम्रपान करणारे: मृत्यू | व्यक्ती-वर्षे | न करणारे: मृत्यू | व्यक्ती-वर्षे |
|---|---|---|---|---|
| ३५–४४ | ३२ | ५२,४०७ | २ | १८,७९० |
| ४५–५४ | १०४ | ४३,२४८ | १२ | १०,६७३ |
| ५५–६४ | २०६ | २८,६१२ | २८ | ५,७१० |
| ६५–७४ | १८६ | १२,६६३ | २८ | २,५८५ |
| ७५–८४ | १०२ | ५,३१७ | ३१ | १,४६२ |

व्यक्ती-वर्ष म्हणजे एका माणसावर एक वर्ष ठेवलेली नजर. एका डॉक्टरवर दहा वर्षं लक्ष ठेवलं तर दहा व्यक्ती-वर्षे झाली. तिसऱ्या वर्षी तो वारला तर तीनच. मृत्यूंचा आकडा एकटा वाचण्यात अर्थ नसतो. २०६ हा आकडा १०२ च्या दुप्पट दिसतो, पण त्यामागची वर्षं पाचपटीहून जास्त आहेत. म्हणून आधी भागाकार करायचा. पहिल्या गटात धूम्रपान करणाऱ्यांत एक लाख व्यक्ती-वर्षांमागे ६१ मृत्यू, पुढे २४०, ७२०, १,४६९ आणि शेवटी १,९१८. न करणाऱ्यांत ११, ११२, ४९०, १,०८३ आणि २,१२०. शेवटचा आकडा खटकला असेल, तर बरोबर खटकला. त्याच्याकडे पुढे येऊ.

घाईत असलेला माणस सगळे मृत्यू आणि सगळी वर्षं एकत्र करून मोकळा होईल. एका बाजूला ६३० मृत्यू, दुसरीकडे १०१. दर काढले तर धूम्रपान करणाऱ्यांचा दर १.७२ पट. पण न करणाऱ्यांची ४८ टक्के वर्षं सर्वांत तरुण गटातली आहेत, करणाऱ्यांची फक्त ३७ टक्के. म्हणजे त्या १.७२ मध्ये सिगारेटचा वाटा किती आणि वयाचा किती, हे वेगळं काढायला हवं. नेमकं हेच काम रिग्रेशन करतं: बाकीच्या गोष्टी सारख्या धरल्या तर या एका गोष्टीने किती फरक पडतो?

रिग्रेशन म्हटलं की बहुतेकांना आलेखावरच्या ठिपक्यांमधून काढलेली सरळ रेघ आठवते. ती इथे चालवून पाहू. धूम्रपान करणाऱ्यांचे पाच दर घेतले आणि वयोगटांना १ ते ५ क्रमांक देऊन नेहमीच्या पद्धतीने रेघ बसवली, तर प्रत्येक वयोगटामागे दर सुमारे ४९४ ने वाढतो असं उत्तर येतं. तीच रेघ पहिल्या गटापाशी काय सांगते? लाखामागे उणे १०७ मृत्यू. चाळिशीतले शंभरेक डॉक्टर दरवर्षी मेलेले उठून बसतात, असा त्याचा अर्थ. रेघेला बिचारीला आपण मृत्यू मोजतोय हे ठाऊक नाही. तिला शून्याच्या खाली जायला कसलीच अडचण नसते.

दुसरा दोष इतका ढळढळीत दिसत नाही, पण तो जास्त घातक आहे. साधी रेघ सगळ्या ठिपक्यांना सारखंच विश्वासार्ह मानते. आपल्या एका चौकटीत २ मृत्यू आहेत, दुसरीत २०६. योगायोगाने दोनाचे चार झाले असते तर दर दुप्पट झाला असता. २०६ चे २०८ झाले असते तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. मोजून आलेल्या आकड्यांची अनिश्चितता त्यांच्या आकाराबरोबर बदलते. किती बदलते, याचं उत्तर सिमेऑं पॉयसन या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ मध्ये मांडलेल्या वितरणात आहे. स्वतंत्रपणे, विरळ घडणाऱ्या घटना मोजल्या तर त्या संख्येचं प्रसरण, म्हणजे व्हेरिअन्स, तिच्या सरासरीएवढंच असतं. सरासरी २०६ असेल तर नेहमीची चढउतार त्याच्या वर्गमुळाएवढी, म्हणजे सुमारे १४. सरासरी २ असेल तर साधारण १.४. प्रमाणात पाहिलं तर पहिली ७ टक्के, दुसरी ७० टक्के.

हे कागदावरचं वितरण प्रत्यक्षात उतरतं का, हे १८९८ मध्ये लाडिस्लाउस फॉन बोर्टकीविच यांनी एका विचित्र नोंदीवरून दाखवलं. प्रशियाच्या लष्करात घोड्याची लाथ बसून किती सैनिक मेले, याची ती नोंद होती. १४ तुकड्या आणि २० वर्षं मिळून २८० नोंदी. त्यांतल्या १४४ मध्ये एकही मृत्यू नाही, ९१ मध्ये एक, ३२ मध्ये दोन, ११ मध्ये तीन, दोनांत चार. सरासरी येते ०.७०, प्रसरण ०.७६. लाथ मारताना घोडे एकमेकांशी ठरवून मारत नाहीत, त्यामुळे पॉयसनचं गणित इथे बसतं.

तर मोजदादीसाठी यादृच्छिकतेचा प्रकार ठरला: पॉयसन. आता उणे दराची भानगड मिटवायची. धूम्रपान करणाऱ्यांचे दर पुन्हा पाहा. ६१ वरून २४० म्हणजे जवळपास चौपट, तिथून ७२० म्हणजे तिप्पट, मग दुप्पट, मग सव्वापटीच्या थोडं वर. वय इथे दरात ठराविक भर घालत नाही, त्याला गुणतं आहे. सरळव्याजाऐवजी चक्रवाढ व्याज लागावं, तसा हा प्रकार. आणि गुणाकाराची बेरीज करायची असेल तर शाळेत शिकलेलं लॉगरिदम कामी येतं. मृत्युदराऐवजी दराच्या लॉगसाठी सरळ समीकरण मांडायचं: एक मूळ आकडा, अधिक वयोगटाचा आकडा, अधिक धूम्रपान करत असेल तर आणखी एक आकडा. लॉग उणे आला तरी हरकत नाही, कारण उलट फिरवला की दर नेहमी धनच येतो. उजवीकडची बेरीज आणि डावीकडची सरासरी यांना जोडणाऱ्या या दुव्याला लिंक फंक्शन म्हणतात. इथे तो दुवा लॉगचा आहे.

राहिली व्यक्ती-वर्षं. त्यांचाही लॉग त्याच बेरजेत टाकायचा, पण त्याचा गुणक संगणकाला शोधू द्यायचा नाही. तो १ वर खिळवून ठेवायचा. याला ऑफसेट म्हणतात. वर्षं दुप्पट तर मृत्यू दुप्पट, एवढं आपल्याला आधीच ठाऊक आहे, ते मॉडेलला सांगून टाकायचं. हा ऑफसेट विसरणं ही पॉयसन रिग्रेशनमधली नेहमीची चूक. विसरलात तर मॉडेल मृत्युदराऐवजी तुमच्याकडे कुठल्या गटातले किती डॉक्टर होते, तेच सांगत बसतं. आर या संगणकप्रणालीत हे सगळं एका ओळीत मावतं:

```
glm(deaths ~ smoke + age + offset(log(pyears)),
    family = poisson(link = "log"))
```

उत्तर काय येतं? सर्वांत तरुण, धूम्रपान न करणाऱ्या डॉक्टरांचा मूळ दर लाखामागे ३६.४. पुढच्या चार वयोगटांचे गुणक अनुक्रमे ४.४१, १३.८, २८.५ आणि ४०.५. धूम्रपानाचा गुणक १.४३. आता ५५ ते ६४ वयाचा धूम्रपान करणारा गट घ्या. ३६.४ गुणिले १३.८ गुणिले १.४३ केलं की लाखामागे सुमारे ७१७ येतात. त्यांच्या २८,६१२ व्यक्ती-वर्षांसाठी अंदाज होतो २०५ मृत्यूंचा. प्रत्यक्षात झाले २०६. वयाचा हिशेब वेगळा काढल्यावर १.७२ चा फुगवटा १.४३ वर आला, आणि त्याभोवतीची ९५ टक्के विश्वासाची मर्यादा १.१५ ते १.७६ अशी निघते. पूर्ण मर्यादा १ च्या वर आहे.

इथे एक गैरसमज आधीच निपटलेला बरा, कारण तो भल्याभल्यांना असतो. हे सगळं करायची काय गरज, मृत्यूंच्या आकड्यांचाच लॉग घ्या आणि साधी रेघ बसवा, असं अनेक जण म्हणतात. पण घोड्यांच्या नोंदीत २८० पैकी १४४ शून्यं आहेत आणि शून्याचा लॉग अस्तित्वात नाही. मग लोक प्रत्येक आकड्यात १ मिळवतात, किंवा अर्धा, आणि काय मिळवलं त्यावर उत्तर बदलतं. शिवाय लॉगांची सरासरी आणि सरासरीचा लॉग या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीवरून परत फिरलात तर मृत्यूंची एकूण संख्या जुळत नाही. लिंक फंक्शन आकड्यांना हात लावत नाही. ते बसतं त्यांच्या अपेक्षित सरासरीवर. सरासरी ०.७० असेल तर तिचा लॉग उणे ०.३६, त्यात कसलीच अडचण नाही, आणि शून्यं जिथल्या तिथे शून्यं म्हणून राहतात.

आता हीच युक्ती फक्त मोजदादीपुरती नाही, हे कुणाच्या लक्षात आलं ती गोष्ट. इंग्लंडमधलं रोथॅमस्टेड हे शेतीसंशोधन केंद्र संख्याशास्त्राचं माहेरघर. खतांच्या आणि वाणांच्या प्रयोगांवर तिथे सरळ रेघेचं गणित विकसित झालं. उत्पादन किलोत मोजायचं असल्याने ते चालूनही गेलं. पण कीटकनाशकाच्या प्रयोगात उत्तर किलोत येत नाही. इतक्या मात्रेला शंभरातले इतके किडे मेले, असं येतं. मेले किंवा जगले, मधलं काही नाही, आणि मेलेल्यांचं प्रमाण शून्य ते एकच्या बाहेर जाऊ शकत नाही. यासाठी १९३० च्या दशकात चेस्टर ब्लिस यांनी प्रोबिट ही पद्धत आणली, १९४४ मध्ये जोसेफ बर्कसन यांनी लॉजिट. मोजदादीच्या तक्त्यांसाठी आणखी वेगळं गणित होतं. प्रत्येकाची सूत्रं वेगळी, आकडेमोड वेगळी, प्रकरणं वेगळी.

१९७२ मध्ये रोथॅमस्टेडच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख जॉन नेल्डर आणि त्यांचे तरुण सहकारी रॉबर्ट वेडरबर्न यांनी रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं की या सगळ्या पद्धती एकच आहेत. फक्त तीन गोष्टी सांगा. आकड्यांची यादृच्छिकता कुठल्या प्रकारची, उजवीकडच्या बेरजेत काय काय, आणि सरासरीला त्या बेरजेशी जोडणारा दुवा कोणता. नॉर्मल वितरण आणि ‘जशीच्या तशी’ लिंक निवडलीत तर जुनी सरळ रेघ मिळते. मेले किंवा जगले अशा उत्तरासाठी बायनॉमियल वितरण आणि लॉजिट लिंक घेतलीत तर लॉजिस्टिक रिग्रेशन. पॉयसन आणि लॉग घेतलीत तर आपलं डॉक्टरांचं गणित. या कुटुंबाला नाव मिळालं जनरलाइज्ड लिनियर मॉडेल, बोलताना जीएलएम.

नुसतं एकत्र मांडणं ही वर्गवारी झाली असती. लेखाची खरी ताकद अशी की उत्तर काढायची कृतीही एकच निघाली. आधी ढोबळ अंदाज धरायचा. समजा, धूम्रपान न करणाऱ्या तरुण गटासाठी मॉडेलचा अंदाज ६.८ मृत्यू आणि प्रत्यक्ष २. फरक उणे ४.८; त्याला ६.८ ने भागून तो अंदाजाच्या लॉगमध्ये मिळवायचा, म्हणजे त्या चौकटीची लॉगच्या मापातली दुरुस्त किंमत मिळते. त्या किमतीला वजन द्यायचं ६.८. दुसऱ्या एखाद्या चौकटीत अंदाज २०५ असेल तर तिचं वजन २०५. मोठ्या चौकटीचा शब्द जास्त चालतो, तो असा. मग या वजनांसह साधी रेघच बसवायची, नवे अंदाज काढायचे, पुन्हा तेच. चार-पाच फेऱ्यांत आकडे हलायचे थांबतात. लॉजिस्टिकसाठी फक्त दुरुस्तीचं आणि वजनाचं सूत्र बदलतं. साध्या रेघेला तर एकच फेरी पुरते. १९७४ मध्ये याच कृतीवर ग्लिम नावाची संगणकप्रणाली आली, आणि वर दिलेल्या ओळीतला `glm` हा तिचाच वंशज.

या कृतीतून एक सुबक गोष्ट आपोआप मिळते आणि ती हाताने ताडून पाहता येते. डॉक्टरांच्या मॉडेलचे दहाही अंदाज लिहून काढा आणि धूम्रपान न करणाऱ्यांची बेरीज करा: ६.८, १७.१, २८.७, २६.८, २१.५. दशांशांची काटछाट सोडली तर बेरीज १०१. प्रत्यक्ष मृत्यूही १०१. प्रत्येक वयोगटाची बेरीजही अशीच बिनचूक जुळते. पॉयसनला लॉग आणि बायनॉमियलला लॉजिट या ‘घरच्या’ लिंका आहेत, आणि घरची लिंक वापरली की मॉडेलमध्ये घेतलेल्या प्रत्येक गटाची एकूण बेरीज जुळतेच. म्हणून बेरजा जुळल्या यावरून मॉडेल बरोबर आहे असं समजू नये. त्या चुकीच्या मॉडेलमध्येही जुळतात.

लॉजिटबद्दल दोन शब्द, कारण वर्तमानपत्रांत सगळ्यात जास्त गोंधळ त्याचाच होतो. लॉजिट म्हणजे ऑड्सचा लॉग, आणि ऑड्स म्हणजे मेलेल्यांना जगलेल्यांनी भागून आलेली संख्या. शंभर किड्यांतले ४० मेले तर ऑड्स ४० भागिले ६०. मात्रा वाढवून ६० मेले तर ६० भागिले ४०. मरणाऱ्यांचं प्रमाण दीडपट झालं, ऑड्स मात्र सव्वादोनपट. लॉजिस्टिक रिग्रेशन दुसरा आकडा देतं आणि बातमीत तो पहिल्याच्या जागी छापून येतो. घटना दुर्मीळ असेल तर हा फरक उरत नाही. वर्षाला हजारात सात मृत्यू असतील तर मेलेल्यांना जगलेल्यांनी भागा नाहीतर एकूण लोकांनी, उत्तर तिसऱ्या दशांशापर्यंत तेच. त्यामुळे डॉक्टरांच्या तक्त्यावर पॉयसनऐवजी लॉजिस्टिक चालवलं असतं तरी धूम्रपानाचा गुणक जवळपास तोच आला असता. किड्यांच्या प्रयोगात तसं होणार नाही.

आता त्या खटकलेल्या आकड्याकडे. मॉडेल म्हणतं, धूम्रपानाने कुठल्याही वयात धोका १.४३ पट होतो. हे विधान लॉग लिंकने आपल्यावर लादलेलं आहे, आणि ते तपासायला हवं. प्रत्येक चौकटीत प्रत्यक्ष आणि अंदाज यांतल्या फरकाचा वर्ग घेऊन त्याला अंदाजाने भागायचं आणि दहाही चौकटींची बेरीज करायची. मॉडेल ठीक असेल तर ही बेरीज साधारण ४ यावी, कारण चौकटी दहा आणि मॉडेलने आपल्यासाठी घेतलेले आकडे सहा. ती येते ११.२. निव्वळ योगायोगाने इतकी मोठी बेरीज शंभरात दोन-तीनदाच येईल. आणि त्यातले ७.६ दोनच चौकटींतून आलेत, दोन्ही धूम्रपान न करणाऱ्यांच्या: सर्वांत तरुण गटात अंदाज ६.८ आणि मृत्यू २. सर्वांत वृद्ध गटात अंदाज २१.५ आणि मृत्यू ३१.

प्रत्येक वयात दोन्ही दरांचं गुणोत्तर काढलं की काय बिनसलं ते लगेच कळतं. ५.७, २.१, १.५, १.४, ०.९. एकच गुणक नाहीच. तो वयाबरोबर पद्धतशीर उतरतो. शेवटच्या गटात तर धूम्रपान करणारेच कमी मेलेले दिसतात. यावरून पंच्याहत्तरीनंतर सिगारेट ओढावी असा सल्ला कुणी काढू नये. तिथे न करणाऱ्यांचे मृत्यू अवघे ३१ आहेत, आणि ०.९ भोवतीची मर्यादा ०.६ पासून १.३५ पर्यंत पसरते. शिवाय ज्यांना तंबाखू बाधायचाच, त्यांच्यातले बरेच पंच्याहत्तरीपर्यंत पोचलेलेच नसतात.

आता तोच तक्ता बेरजेच्या नजरेने पाहा. भागाकाराऐवजी वजाबाकी करा. धूम्रपानामुळे लाखामागे जास्तीचे मृत्यू: चाळिशीच्या आसपास ५०, मग १२८, २३०, आणि ६५ ते ७४ मध्ये ३८६. शेवटचा अस्थिर गट बाजूला ठेवला तर वजाबाकी वयाबरोबर चढत जाते, आणि गुणोत्तर उतरत जातं. आकडे तेच. ‘वयाबरोबर धूम्रपानाचा परिणाम कमी होतो’ आणि ‘वयाबरोबर धूम्रपानाचा परिणाम वाढतो’ ही दोन्ही वाक्यं या तक्त्यावरून प्रामाणिकपणे लिहिता येतात. कुठलं लिहिलं जाईल हे लिंकवर ठरतं. लॉग लिंक घेणारा गुणाकाराची भाषा बोलतो, जशीच्या तशी लिंक घेणारा बेरजेची. आजाराचं कारण शोधणाऱ्याला ५.७ पट हा आकडा मोलाचा, कारण त्या वयात हृदयविकार इतका विरळ असताना सिगारेटचा ठसा स्वच्छ उठतो. रुग्णालयात किती खाटा लागतील हे पाहणाऱ्याला ३८६ हवेत. पाठ्यपुस्तकांत लिंकची निवड गणिती सोयीची बाब म्हणून उरकतात, ते मला पटत नाही. कारणं एकमेकांत मिळवली जातात की एकमेकांना गुणतात, याबद्दलचं ते ठाम विधान आहे, आणि लिहिणाऱ्याने ते आपलं म्हणून करायला हवं.

या तक्त्यापुरतं पाहिलं तर ‘सगळीकडे १.४३ पट’ आणि ‘सगळीकडे इतके जास्तीचे’ ही दोन्ही साधी विधानं टिकत नाहीत. बेरजेच्या लिंकला आणखी एक व्यावहारिक त्रास: आकडेमोड चालू असताना एखादा अंदाज शून्याखाली घसरला की प्रणाली अडून बसते. म्हणून रूढ वाट अशी की लॉग लिंक ठेवायची आणि धूम्रपानाचा गुणक वयाबरोबर बदलू द्यायचा. वयोगटाला १ ते ५ क्रमांक द्यायचे. बेरजेत वय, वयाचा वर्ग, धूम्रपान, आणि धूम्रपान गुणिले वय एवढं घालायचं. मग गुणक येतात ३.१, २.३, १.७, १.२ आणि ०.९. आकडे सहाऐवजी पाचच खर्च झाले, आणि तपासणीची बेरीज ११.२ वरून १.५५ वर आली.

मोजदादीच्या मॉडेलमध्ये तपासणीची बेरीज फुगलेली दिसली की हल्ली एक औषध हातासरशी दिलं जातं. पॉयसन वितरण घटना स्वतंत्र आहेत असं धरून चालतं. पण डेंग्यूसारख्या आजाराचे रुग्ण मोजले तर एका वस्तीत एक सापडला की आसपास आणखी चार सापडतात. मग प्रसरण सरासरीच्या कितीतरी वर जातं, आणि पॉयसन मॉडेल नको इतका आत्मविश्वास दाखवू लागतं. यावर वेडरबर्न यांनीच १९७४ मध्ये उपाय दिला. पूर्ण वितरण सांगू नका, प्रसरण सरासरीच्या अमुक पट आहे एवढंच सांगा, ती पट आकड्यांवरूनच काढा आणि तिच्या वर्गमुळाने सगळ्या चुकीच्या मर्यादा रुंद करा. पुढच्याच वर्षी ते सुट्टीवर असताना कीटकदंशाच्या तीव्र प्रतिक्रियेने वारले, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी. त्यांचा उपाय आज `family = quasipoisson` एवढं लिहिलं की मिळतो.

हा उपाय डॉक्टरांच्या पहिल्या मॉडेलला लावून पाहा. तपासणीची बेरीज ११.२, तिला ४ ने भागून २.८, वर्गमूळ १.६७. धूम्रपानाच्या गुणकाची मर्यादा तेवढी रुंद केली की १.१५ ते १.७६ ऐवजी १.०० ते २.०३ होते. म्हणजे धूम्रपानाने हृदयाला अपाय होतो की नाही हेच संशयास्पद ठरवायची वेळ येते, आणि तेही एक प्रामाणिक, सावध दिसणारी पायरी उचलल्यामुळे. इथला फुगवटा मृत्यूंच्या घोळक्यांतून आलेलाच नव्हता. तो आला होता एकच गुणक सगळ्या वयांवर लादल्यामुळे. घोळक्यांमुळे आलेला फुगवटा चौकटींमध्ये इकडेतिकडे विखुरलेला असतो, त्याला क्रम नसतो. चुकीच्या बेरजेमुळे आलेला फुगवटा ५.७ पासून ०.९ पर्यंत ओळीने उतरत जातो. म्हणून मर्यादा रुंद करण्याआधी प्रत्यक्ष वजा अंदाज हे फरक वयाच्या क्रमाने मांडून पाहायचे, आणि त्यांत क्रम दिसला तर आधी उजवीकडची बेरीज बदलायची.